मेणबत्तीचा भाव कोणत्या बिलावरून ठरवावा?

एकाच कपाटात शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन सुगंधी मेणबत्त्या. काच तीच, वास तोच, वजनही तेच. तरीही एकीला १९५ रुपये खर्च आलेला असतो आणि दुसरीला २२३. ग्राहकाला हा फरक दिसत नाही व तो दाखवताही येत नाही. घरगुती मेणबत्ती उद्योगात नफा हातून निसटतो तो बहुधा या २८ रुपयांच्या दरीतून.

उदाहरणादाखल एका गृहउद्योगाचा हिशेब पाहू. मधमाशांचे मेण नको असलेल्या कुटुंबांचा विचार करून येथे सोयाबीनच्या तेलापासून केलेले मेण वापरले जाते. काचेच्या प्रत्येक भांड्यात २०० ग्रॅम मिश्रण भरायचे असते. येथे पहिली दक्षता अशी, की भांडे वजनाने भरावे, मापाने नव्हे. वितळलेले मेण पाण्यापेक्षा हलके असते. २०० मिलिलिटर पाणी मावणाऱ्या भांड्यात मेण मावते जेमतेम १८० ग्रॅम. मिलिलिटरलाच ग्रॅम समजून केलेला हिशेब त्यामुळे आरंभीच चुकतो.

एका बॅचला १० किलो मेण आणि मेणाच्या ८ टक्के, म्हणजे ८०० ग्रॅम सुगंधी तेल लागते. एकूण मिश्रण १० किलो ८०० ग्रॅम. कागदावर यातून ५४ मेणबत्त्या निघतात. प्रत्यक्षात एका मेणबत्तीपुरते मेण पातेल्याला व किटलीला चिकटून राहते, एक मेणबत्ती जाळून पाहण्यासाठी बाजूला ठेवावी लागते, आणि दोन मेणबत्त्यांना पृष्ठभागावर खड्डा पडतो किंवा वात मध्यापासून सरकते. विकण्याजोग्या उरतात ५०. खर्चाचा भागाकार या ५० नेच करावयाचा, ५४ ने नव्हे.

मेण किलोला ३२० रुपये पडले, तर त्याचे ३,२०० रुपये झाले. सुगंधी तेल किलोला २,५०० रुपये असेल, तर ८०० ग्रॅमचे २,००० रुपये. दोन्ही मिळून ५,२०० रुपये, म्हणजे मेणबत्तीमागे १०४. भागाकार ५४ ने केला असता, तर हाच आकडा सुमारे ८ रुपयांनी कमी दिसला असता. भांडे ४५ रुपयांचे आणि वात ५ रुपयांची. ही दोन्ही भरलेल्या ५३ मेणबत्त्यांना लागली, म्हणून चांगल्या मेणबत्तीमागे ५३ रुपये झाले. खोके व लेबल २० रुपये, मजुरी १२, गॅस, वीज व किरकोळ खर्च ६. एकूण १९५ रुपये. ही मेणबत्ती ३२५ रुपयांस विकली, तर १३० रुपये, म्हणजे विक्रीच्या ४० टक्के उरतात. येथील सर्व आकडे हिशेब समजावा यासाठी घेतले असून ते कर वगळून आहेत. खरेदीवरील जीएसटीची वजावट ज्याला मिळत नाही, त्याने तो करही खर्चातच धरला पाहिजे.

आता पुढच्या खरेदीचा प्रसंग. २० किलो मेण ३६२ रुपये दराने आले आणि त्यावर ३६० रुपये वाहतूक भाडे लागले. बिलावर ३६२ दिसत असले, तरी मेण घरात पडले किलोला ३८० रुपयांस. सुगंधी तेलही २,५०० वरून ३,५०० वर गेले. मेणाच्या वाढीने मेणबत्तीमागे १२ रुपये वाढले, तेलाच्या वाढीने १६. तेल वजनाने थोडे, पण खर्चात त्याचा वाटा मोठा. म्हणून पहिली नजर त्याच्या भावावर असावी. याउलट वातीचा भाव दुप्पट झाला, तरी मेणबत्तीमागे फरक पडतो तो सव्वापाच रुपयांच्या आसपास.

गोदामात जुने १० किलो मेण शिल्लक आहे. मग आजच्या मेणाचा भाव कोणता धरावा? आधी आलेला माल आधी गेला असे धरल्यास पहिल्या बॅचला ३२० आणि पुढच्या दोन बॅचना ३८० लागू होतील. सरासरी काढल्यास ३० किलोचे १०,८०० रुपये, म्हणजे किलोला ३६०. लेखांकन मानक २ मध्ये या दोन्ही पद्धती मान्य आहेत. एकीची निवड करून ती दरवर्षी पाळली, म्हणजे वहीतील नफा खरा राहतो. मेण एकाच डब्यात मिसळले जात असेल, तर सरासरी अधिक सोयीची.

परंतु वहीचा भाव आणि विक्रीचा भाव ठरविण्याचा आधार, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या मालाच्या ५० मेणबत्त्या ३२५ ने विकल्यावर ६,५०० रुपये नफा दिसला आणि तो घरखर्चाला काढून घेतला, तर पुढची बॅच करताना १,४०० रुपये कमी पडतात. कारण तेवढ्याच मालाला आता तेवढे अधिक मोजावे लागतात. नफा म्हणून उचललेली ती रक्कम वस्तुतः भांडवलच होती. म्हणून विक्रीचा भाव बसवताना जुन्या बिलाकडे न पाहता, तोच माल आज पुन्हा आणायचा झाल्यास काय पडेल, हे पाहावे.

तथापि प्रत्येक बॅचला भाव बदलणे योग्य नव्हे. छापील कमाल किमतीपेक्षा अधिक घेता येत नाही, लेबले एकदम छापलेली असतात, आणि नेहमीचा ग्राहक दर पंधरवड्याला नवा भाव ऐकून घेत नाही. यावर उपाय म्हणजे प्रत्येक मेणबत्तीचे एक खर्चपत्रक ठेवावे, दर तीन महिन्यांनी आजच्या भावाने ते पुन्हा मांडावे आणि बदलाची एक मर्यादा आधीच ठरवावी. वरील उद्योगाने ती १० रुपये ठेवली, असे धरू. वाढ त्याच्या आत असेल, तर ती सोसावी. तिच्यापलीकडे गेली, तर पुढच्या लेबलपासून भाव बदलावा. २८ रुपयांची वाढ मर्यादेपलीकडची असल्याने नवा भाव ३६० ठरला. त्यातून खर्च जाऊन १३७ रुपये उरतात. टक्केवारी ४० वरून ३८ वर उतरते, पण भांडवल शाबूत राहते. पुढे मेण किंचित स्वस्त झाले, तर भाव तत्काळ न उतरवता तो फरक पुढच्या तेजीसाठी राखून ठेवावा.

दिवाळीच्या किंवा लग्नाच्या मोठ्या मागणीसाठी भाव देताना तो किती दिवस लागू राहील, हे लिहून द्यावे. सोयामेणाची मेणबत्ती ओतल्यावर वास नीट मुरण्यास साधारण एक ते दोन आठवडे जातात. तेवढा काळ पैसा कपाटात अडकून पडतो आणि बाजारभाव मात्र पुढे सरकत राहतो. म्हणून आगाऊ रक्कम हाती आली, की त्याच दिवशी मेण व तेल घेऊन ठेवणे हिताचे.

एक मोह मात्र टाळला पाहिजे. तेल ८ टक्क्यांवरून ६ वर आणले, तर नव्या भावाने मेणबत्तीमागे सुमारे १२ रुपये वाचतात; पण खोलीत वास दरवळत नाही. तेलाचे प्रमाण किंवा प्रकार बदलला, की जुनी वात बसेलच असे नाही. ती बारीक पडली, तर मध्ये विहीर होऊन कडेचे मेण तसेच राहते. जाड पडली, तर ज्योत उंच होऊन काच काजळते. पहिल्यांदा तीन-चार तास जळल्यावर वितळलेले मेण काचेच्या कडेला पोहोचले आणि काच स्वच्छ राहिली, म्हणजे वात बरोबर. ही परीक्षा प्रत्येक बदलानंतर नव्याने घ्यावी लागते आणि तिचाही खर्च असतो. म्हणून भाव चढले असता खर्चपत्रकातील किमती बदलाव्यात, मेणबत्तीतील मापे नव्हेत.