घरखर्चाचा हिशेब : १९ रुपयांचा चॅनल ५८ रुपयांना कसा पडतो?

मागच्या भागात विजेचं बिल पाहिलं, आता केबल आणि डिशकडे वळू. अमरावतीच्या राजापेठेत काय आणि अकोल्याच्या डाबकी रोडवर काय, तक्रार एकच असते : "एकच चॅनल वाढवला, तर बिल एवढं कसं वाढलं?"

बिलाचे मुख्य भाग दोन. पहिला नेटवर्क क्षमता शुल्काचा, म्हणजे चॅनल घरापर्यंत पोहोचवण्याचं भाडं. दुसरा पैसे मोजावे लागणाऱ्या चॅनलांच्या किमतीचा. या दोन्हींच्या बेरजेवर १८ टक्के जीएसटी लागतो, ९ टक्के केंद्राचा आणि ९ राज्याचा. चॅनलची जाहीर किंमत करावेगळी असते, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. १९ रुपयांचा चॅनल म्हणजे हातचे २२ रुपये ४२ पैसे.

पण खरी गोम भाड्यात आहे. ट्रायच्या २०२० च्या नियमांनी २०० चॅनलांपर्यंत जास्तीत जास्त १३० रुपये आणि त्यापुढे १६० रुपये अशी मर्यादा घातली होती. मोजताना एक एचडी चॅनल दोन साध्या चॅनलांइतका धरतात. दूरदर्शनचे सक्तीचे चॅनल मोजत नाहीत, पण बाकीचे फुकट चॅनल मोजतात. २०२४ मध्ये ट्रायने ही मर्यादा काढली. आता भाडं कंपनी ठरवते आणि ते भागाप्रमाणे वेगळं असू शकतं. म्हणून अकोल्याच्या पाहुण्याचं बिल पाहून अमरावतीत भांडण्यात अर्थ नाही.

समजा, तुमची कंपनी अजून १३० आणि १६० हेच टप्पे पाळते. तुमच्याकडे १९९ चॅनल आहेत आणि पैशांच्या चॅनलांचे १२० रुपये होतात. बेरीज २५०, कर ४५, बिल २९५. आता १९ रुपयांचा एक एचडी चॅनल घेतला. मोजणी २०१ झाली, भाडं १३० वरून १६० वर गेलं. बेरीज २९९, करासह बिल ३५२ रुपये ८२ पैसे. त्या एका चॅनलपायी ५७ रुपये ८२ पैसे वाढले! घरात कोणी न पाहणारा एखादा फुकट चॅनल आधी काढायला सांगितला असता, तर मोजणी २०० वर थांबून बिल ३१७ रुपये ४२ पैसेच आलं असतं.

पॅक घेतानाही असंच तपासा. फेब्रुवारी २०२३ पासून, १९ रुपयांपेक्षा महाग चॅनल वाहिनी कंपनीला आपल्या पॅकमध्ये घालता येत नाही आणि सुट्या किमतींच्या बेरजेवर ४५ टक्क्यांहून अधिक सूट देता येत नाही. म्हणजे सुटे ६० रुपयांचे चॅनल असतील, तर पॅक ३३ रुपयांच्या खाली येणार नाही. त्यातले १९ आणि १० रुपयांचे दोनच तुम्ही पाहत असाल, तर सुटे घेतलेले २९ रुपयांत भागतात. शिवाय पॅकमधला न पाहिलेला प्रत्येक चॅनलसुद्धा त्या मोजणीत शिरतो.

केबलवाल्याकडून भाडं, चॅनल आणि कर वेगवेगळे दाखवणारी पावती मागून घ्या. एकच गोल आकडा लिहिलेल्या चिठ्ठीवर यातलं काहीच पडताळता येत नाही.