भोक कोणत्या बाजूनं पाडलं?

चाळीतल्या गॅलरीत तुळशीला वृंदावन मिळायचं नाही, तिच्या वाट्याला डालड्याचा डबा यायचा. तेलाचा चौकोनी पंधरा किलोचा डबा रिकामा झाला की त्याचं काय करायचं हे घरात आधीच ठरलेलं असे. एक गव्हाला, एक अंघोळीच्या पाण्याला, आणि तळाला गंज धरलेला झाडाला. आता याच उद्योगाला ‘अपसायकलिंग’ म्हणतात आणि त्याचे रंगीत फोटो निघतात. फोटोत डबा झकास दिसतो. मात्र त्याला ओतलेलं पाणी पुढे कुठे जातं, हे फोटोत दिसत नाही. या उद्योगातलं बहुतेक यशापयश त्या एका प्रश्नावर ठरतं.

हे मला कढीपत्त्यानं शिकवलं. तेलाचा डबा घेतला, तळाला खिळ्यानं सहा भोकं पाडली, खडी पसरली, वर माती भरली. पावसाळ्यात पानं पिवळी पडली. मला वाटलं खत कमी पडतंय, म्हणून शेणखत घातलं. भाद्रपदात झाड उपटलं तेव्हा मुळं काळी, मऊ झालेली आणि मातीला गटाराचा वास.

चूक अगदी क्षुल्लक होती. मी डबा पालथा घालून खिळा बाहेरून आत ठोकला होता. असं केलं की भोकाच्या कडेचा पत्रा आत उचलला जातो आणि प्रत्येक भोकाभोवती छोटासा बांध तयार होतो. पाणी त्या बांधाच्या उंचीपर्यंत साचल्याशिवाय भोकातून जातच नाही. त्यामुळे खिळा आतून बाहेर ठोकायचा. डब्याखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की पत्रा दबत नाही. बाहेर आलेले दात हातोडीनं चेपायचे किंवा कानशीनं घासायचे, नाहीतर डबा उचलताना तेच बोटं कापतात. भोक करंगळी जाईल एवढं हवं. बारीक भोक मातीनं बुजतं. शिवाय तळापासून बोटभर उंचीवर चारी बाजूंना एकेक भोक असू द्यावं. खालची भोकं बुजलीच तर ही वाट उघडी राहते. आणि डबा फरशीवर टेकवायचा नाही. दोन विटांवर ठेवायचा, म्हणजे पाणी पडताना दिसतं.

आता खडीबद्दल. ‘तळाला खडी घाला, पाण्याचा निचरा होतो,’ हे आपण इतक्या वेळा ऐकलंय की त्यावर शंका घेणंही उद्धटपणाचं वाटतं. पण भांडी घासायचा आयताकृती स्पंज घेऊन पाहा. तो पूर्ण भिजवा, आडवा धरा आणि ठिबकणं थांबेपर्यंत वाट पाहा. मग पिळू नका, फक्त उभा करा. पुन्हा धार लागते. स्पंज तोच आणि त्याची छिद्रंही तीच. फक्त उंची वाढली. बारीक छिद्रांच्या वस्तूत तळाशी ठरावीक उंचीचा एक थर ओलाच राहतो, आणि मातीचंही तसंच असतं. खडी घातल्यानं हा ओला थर नाहीसा होत नाही, तो खडीच्या वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर फुटक्या कुंडीचा तुकडा ठेवा, म्हणजे माती वाहून जात नाही. तेवढं पुरे. बाकी डबाभर मातीच हवी. तेलाचा उंच डबा बिस्किटांच्या बसक्या डब्यापेक्षा झाडाला सोयीचा पडतो, तो यामुळेच.

मातीही नुसती काळी नको. ती उन्हात आक्रसते आणि डब्याच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. विटांमधून धार दिसते, आपण समाधानानं वळतो, आणि मधला गोळा कोरडाच राहतो. माझं प्रमाण सोपं आहे: एक भाग माती, एक भाग कुजलेला पालापाचोळा किंवा कोकोपीट, एक भाग शेणखत. एवढं भरून पाणी घातलं की डबा वीसेक किलोचा होतो. त्यामुळे तो खिडकीच्या ग्रिलवर चढवायचा विचार मनातून काढून टाकावा.

गंज मात्र येणारच. या पोलादी पत्र्यावर कथलाचा अगदी पातळ थर असतो. तो अखंड आहे तोवर ठीक, पण ओरखडा पडला की उघडं पोलाद कथलाच्या शेजारी आणखी जोमानं गंजतं. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीचं उलट असतं. तिथे जस्त आधी झिजतं आणि पोलाद वाचवतं. आपण तर डब्याला मुद्दाम भोकंच पाडतो. त्यामुळे आधी भोकं, मग रंग, हा क्रम पाळायचा. डबा गरम पाण्यानं आणि साबणानं धुवायचा, कारण तेलकट पत्र्यावर रंग धरत नाही. वाळला की पॉलिश पेपर, रेडऑक्साइडचा एक हात, त्यावर ऑइलपेंटचे दोन. भोकांच्या कडांवरून ब्रश नक्की फिरवा. रंग फिका निवडा. पश्चिमेच्या उन्हात गडद डबा इतका तापतो की कडेची मुळं भाजतात. एवढं करून माझा दुसरा डबा तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत टिकला. फुकटच्या वस्तूकडून आणखी काय हवं?

टायरमध्ये पाण्याचा प्रश्न उलटा आहे. तिथे झाडाआधी माणसाची काळजी करावी लागते. टायर आडवा ठेवा, उभा ठेवा की टांगा, त्याच्या पोकळ कडेत पाणी साचतंच. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अशीच सावलीतली जागा आवडते. मादी पाण्याच्या रेषेवर, ओलसर भिंतीला अंडी चिकटवते. पाणी आटलं तरी ती कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा भिजली की फुटतात. एडिसचाच आशियाई भाईबंद 1985 साली अमेरिकेत टेक्ससमध्ये पसरलेला आढळला, तो जुन्या टायरांच्या मालातूनच तिथे पोचला असं मानतात. त्यामुळे टायर ब्रशनं खसखसून घासायचा. आडवा ठेवणार असाल तर खालच्या कडेला आठ-दहा भोकं ड्रिलनं पाडायची आणि पोकळीत माती ठासून भरायची. टांगणार असाल तर भोकं सर्वांत खालच्या बिंदूला हवीत. वरची कड कापायची तर साबणाच्या पाण्यात बुडवलेली धारदार सुरी रबरात सहज सरकते. मोटारीच्या टायरच्या नक्षीच्या भागात मात्र पोलादी तारा असतात, तिथे सुरी लावू नये. आणि टायरमध्ये पालक-मेथी नको. रबरात जस्ताचं संयुग आणि इतर रसायनं असतात, ती हळूहळू मातीत उतरतात. सदाफुली लावा, शेवंती लावा.

काचेच्या बरणीला घरात भोक पाडता येत नाही. त्याला हिऱ्याचं टोक असलेलं ड्रिल लागतं आणि तरीही काच तडकते. म्हणून मी तिच्यात माती भरत नाही. फार तर मनीप्लांटची फांदी पाण्यात ठेवते, आणि ते पाणी आठवड्याच्या आत बदलते, कारण डासाला बरणी आणि टायर सारखेच. बाकी सगळ्या बरण्या स्वयंपाकघरात जातात. लेबलचा चिकटपणा गोड्या तेलात खाण्याचा सोडा कालवून चोळला की जातो. उकळायच्या असतील तर थंड पाण्यात ठेवून मग गॅस लावायचा. उकळत्या पाण्यात थंड बरणी टाकली की ती तडकते.

वास काचेला राहत नाही, झाकणाच्या आतल्या मऊ गोल पट्टीला राहतो. धुतलेली बरणी झाकण लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी उघडून हुंगा. लोणचं अजून तिथे असेल तर झाकण दोन दिवस उन्हात टाका. तरीही वास गेला नाही, तर त्या बरणीत चहा किंवा वेलची भरू नका. खिळे, स्क्रू भरा. फळीच्या खालच्या बाजूला झाकण दोन स्क्रूंनी पक्कं करायचं आणि बरणी खालून फिरवून बसवायची. झाकणाला एकच स्क्रू मारला तर बरणी फिरवताना झाकणही तिच्यासोबत गरगर फिरतं. हेही मला दुसऱ्या झाकणाच्या वेळी कळलं.