इचिमोकूच्या ढगाची जाडी कशी वाचायची?

शेअरच्या चार्टवर इचिमोकू लावला की पाच रेषा आणि एक रंगीत ढग दिसू लागतो. नवख्याला हे सारे गुंतागुंतीचे वाटते, पण त्यामागचे गणित चौथीच्या मुलालाही जमेल. जपानी पत्रकार गोइची होसोदा यांनी ही पद्धत बसवली आणि 1960च्या दशकाच्या अखेरीस पुस्तकरूपाने लोकांपुढे आणली.

यातली पहिली रेषा तेनकान. गेल्या 9 दिवसांचा उच्चांक आणि नीचांक यांची बेरीज करून निम्मी केली की ती मिळते. 26 दिवसांसाठी हेच केले की किजुन येते. एक जवळचा मध्य सांगते, दुसरी महिनाभराचा. जपानच्या बाजारात तेव्हा शनिवारीही व्यवहार होत, म्हणून महिना 26 दिवसांचा. चिकोऊ म्हणजे आजचा बंद भाव 26 दिवस मागे नेऊन काढलेली रेषा. आजचा भाव तेव्हाच्या भावापेक्षा वर आहे की खाली, हे तिच्यावरून एका नजरेत कळते.

उरलेल्या दोन रेषा ढगाच्या कडा. तेनकान आणि किजुन यांची सरासरी म्हणजे स्पॅन ए, तर 52 दिवसांचा मध्य म्हणजे स्पॅन बी. दोन्ही 26 दिवस पुढे सरकवून काढतात. त्यामुळे आजच्या भावाभोवती दिसणारा ढग महिन्यापूर्वीच्या आकड्यांवर उभा असतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका शेअरचा 9 दिवसांचा पट्टा 500 ते 520, 26 दिवसांचा 460 ते 520 आणि 52 दिवसांचा 400 ते 520 आहे. तेनकान 510, किजुन 490, म्हणून स्पॅन ए 500. स्पॅन बी 460. ढगाची जाडी 40 रुपये. भाव ढगाच्या वर असेल तर अशा जाड ढगाला भक्कम आधार मानतात, कारण तो तोडायला भावाला बरेच खाली यावे लागते.

आता 15 दिवस भाव 500 ते 520 मध्येच घुटमळला. जुने नीचांक हिशेबातून गळाले. 26 दिवसांचा नीचांक 480 झाला, 52 दिवसांचा 440. स्पॅन ए 505, स्पॅन बी 480. जाडी 25 वर आली, आणि भाव जागचा हललाही नाही! ढग बारीक झाला म्हणजे विक्रेते आले, असा अर्थ काढणारे इथेच फसतात. जाडी गेल्या काही आठवड्यांतल्या चढउताराचा आवाका सांगते, खरेदीदारांची संख्या नव्हे. ढग फार पातळ होऊन कडा एकमेकींना ओलांडतात, तेव्हाही कल बदलण्याची शक्यता फक्त वाढलेली असते. आडव्या बाजारात असे ओलांडे वारंवार होतात आणि वाया जातात.

दोन शेअरच्या ढगांची तुलना करताना जाडी टक्क्यांत मोजा. 500 रुपयांच्या शेअरवर 40 रुपये म्हणजे 8 टक्के. 5000 च्या शेअरवर तेवढेच 40 रुपये एक टक्काही भरत नाहीत.