"उत्तर देऊ का?" त्याआधी विचारा, वाचणार कोण?

फोनवर एक स्क्रीनशॉट येतो. त्यात कुणीतरी गटाबद्दल काहीतरी लिहिलेलं असतं आणि खाली ताईंचा एवढाच प्रश्न असतो, "उत्तर देऊ का?" मी लगेच हो किंवा नाही म्हणत नाही, कारण तेवढ्या चित्रावरून ते ठरवता येत नाही. स्क्रीनशॉट म्हणजे खिडकीतून दिसलेलं अंगण. कोण कुठून आलं, आधी काय बोलणं झालं, आजूबाजूला कोण उभं आहे, ते त्यात दिसत नाही. म्हणून आधी काय बघायचं, ते एका गटाच्या उदाहरणावरून सांगते. गटाचं आणि गावाचं नाव मुद्दाम देत नाही.

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका भाऊंनी लिहिलं होतं, "बचत गटाच्या बायकांनी साठ हजार उचलले आणि वाटून खाल्ले. हिशोब कोण विचारणार?" सचिव ताईंनी त्याचा फोटो पाठवला. उत्तरही लिहून तयार होतं, "ज्यांच्या घरची बाई हप्ते थकवून गट सोडून गेली, त्यांनी आम्हाला हिशोब विचारू नये."

आधी वरचे आणि खालचे मेसेज बघा

मी ताईंना म्हटलं, ग्रुप उघडा आणि त्या मेसेजच्या आधीचे दहा आणि नंतरचे दहा मेसेज वाचा. वर दुसऱ्याच एका माणसाने साधा प्रश्न विचारलेला सापडला, "गटाला सरकारकडून किती पैसे मिळतात?" भाऊंचा टोमणा त्या प्रश्नावर आलेला होता. म्हणजे टोमणा एकाचा होता, पण प्रश्न खरोखर माहिती हवी असलेल्या माणसाचा होता. खाली चौघांनी अंगठे दाखवले होते आणि एकाने "खरं आहे का हे?" असं विचारलं होतं.

कुणी विचारतंय, कुणी टोचतंय की कुणी सरळ आरोप करतंय, हे वेगवेगळं ओळखायला हवं. प्रश्नाला उत्तर द्यायचं. नुसता टोमणा असेल, तर बहुतेक वेळा सोडून द्यायचा. पण पैसे खाल्ल्याचा आरोप असेल आणि लोक "खरं आहे का" विचारत असतील, तर गप्प बसणं महागात पडतं. या गटात तेच होत होतं. त्या आठवड्यात दोन सदस्यांच्या घरून निरोप आला होता, "हिशोब कळेपर्यंत बचत भरू नको."

उत्तर लिहिणाऱ्याला नाही, वाचणाऱ्याला द्यायचं

त्या ग्रुपवर दोनशेच्या वर माणसं होती. लिहिणारे पाच-सहा, बाकीचे नुसते वाचणारे. त्यात सदस्यांचे नवरे होते, सासरे होते, गटाकडून मसाला घेणारी गिऱ्हाइकं होती. भाऊंचं मत आपल्या एका मेसेजने बदलणार नव्हतं. पण घरी "बचत भरू नको" म्हणणारा नवरा ते उत्तर वाचणार होता. उत्तर त्याच्यासाठी लिहायचं होतं.

तोच मजकूर भाऊंनी व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवला असता, तर माझा सल्ला वेगळा असता. स्टेटस २४ तासांनी आपोआप जातं आणि त्यावर दिलेलं उत्तर फक्त ठेवणाऱ्यालाच दिसतं. त्याच्यावर रागाने आपण आपलं स्टेटस ठेवलं, तर ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांनाही ते कळतं. फेसबुकवर तर जितक्या कमेंट वाढतात तितकी ती पोस्ट जास्त लोकांसमोर येते. तिथे वाद घालणं म्हणजे चुलीत लाकूड सारणं.

भडका कशाने उडतो?

सचिव ताईंच्या उत्तरातली गोष्ट खरी होती. तरी ते पाठवू नका म्हटलं, कारण त्यात दोन धोके होते. एक, गट सोडून गेलेल्या बाईची थकबाकी चव्हाट्यावर आली असती. सदस्याच्या कर्जाची गोष्ट गटाच्या बैठकीची असते, गावाच्या ग्रुपची नाही. उद्या दुसरी सदस्य म्हणेल, माझंही असंच बाहेर येईल. दुसरा, हिशोबाचा विषय बाजूला पडून दोन घरांचं भांडण सुरू झालं असतं, आणि मग कुणी जातीवर, कुणी निवडणुकीवर गेलं असतं.

पुरावा म्हणून पासबुकाचा किंवा कर्ज नोंदवहीच्या पानाचा फोटोही टाकायचा नाही. त्यावर खाते क्रमांक असतो, सगळ्यांची नावं असतात. एकदा पाठवलेला फोटो आपण नंतर पुसला, तरी कुणी ना कुणी तो जपून ठेवलेला असतो.

मग काय पाठवलं?

त्या दिवशी काहीच पाठवलं नाही. दुसऱ्या दिवशी बैठक होती. तिथे नोंदवही उघडली, आकडे सगळ्यांसमोर जुळवले आणि मजकूर वाचून दाखवून सगळ्यांची संमती घेतली. तो असा होता:

"नमस्कार. गटाला ग्रामसंघाकडून ६०,००० रुपये मिळाले आहेत. ते अनुदान नाही, परतफेडीचं कर्ज आहे. तीन सदस्यांनी प्रत्येकी २०,००० घेतले. दर महिन्याला ५,००० मुद्दल आणि त्यावरचं व्याज फेडतो. आतापर्यंत ५ हप्ते, म्हणजे २५,००० मुद्दल फेडलं, ३५,००० बाकी आहे. हिशोब दर बैठकीत वाचला जातो. सदस्यांच्या घरच्यांना शंका असेल तर येत्या बैठकीला यावं. गटाच्या वतीने, अध्यक्ष व सचिव."

यात भाऊंचं नाव नाही, "खोटं बोलता" नाही, कर्जदारांची नावं नाहीत. एका बाईची सही नसून गटाचं नाव आहे, त्यामुळे उद्या बोलणं आलं तर ते एकटीवर येत नाही.

नंतर भाऊंनी लिहिलं, "व्याजाचं काय करता?" हा पुन्हा खरा प्रश्न होता, म्हणून त्याला एका ओळीचं उत्तर दिलं: ग्रामसंघाचं व्याज भरून जे उरतं ते गटाच्या निधीत जमा होतं आणि वहीत लिहिलेलं आहे. पुढे "बघू बघू" असा टोमणा आला. त्याला उत्तर दिलं नाही. भाऊंनी माफी मागितली नाही, पण बैठकीला दोघींच्या घरची माणसं आली, वही बघितली आणि थांबलेली बचत सुरू झाली. हवं होतं ते एवढंच.

जिथे उत्तर द्यायचंच नाही

अश्लील बोलणं, धमकी, फोटोत फेरफार करून टाकणं, अशा वेळी एक शब्दही लिहू नका. आधी स्क्रीनशॉट घ्या. त्यात पाठवणाऱ्याचा नंबर किंवा खात्याचं नाव, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. फेसबुकची पोस्ट असेल तर तिची लिंकही जपून ठेवा. मेसेज पुसू नका. त्यानंतर ब्लॉक करा आणि पोलीस ठाण्यात किंवा cybercrime.gov.in वर तक्रार द्या. जिवाला धोका वाटत असेल तर लगेच ११२ ला फोन करा.

पुढच्या वेळी मला स्क्रीनशॉट पाठवताना सोबत तीन गोष्टी लिहा: हे कुठे टाकलंय, तिथे कोण कोण वाचतं आणि त्याच्या वर काय होतं. मग "देऊ का?" याचं उत्तर बहुतेक वेळा तुमचं तुम्हालाच मिळेल.