करमुक्त रोखे कोणाच्या फायद्याचे?

‘साडेआठ टक्के व्याज आणि एक पैसाही कर नाही’ असे ऐकले की निवृत्त माणसाचे कान टवकारतात. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, इंडियन रेल्वे फायनान्स कॉर्पोरेशन, हुडको, आरईसी यांसारख्या सरकारी संस्थांनी काढलेले हे करमुक्त रोखे आहेत. २०१६ नंतर असे नवे रोखे विक्रीला आलेले नाहीत. म्हणजे आज ते घ्यायचे, तर कोणीतरी विकायला काढलेलेच शेअर बाजारातून घ्यावे लागतात. खरा हिशेब इथूनच सुरू होतो.

समजा, एक हजार रुपये दर्शनी किमतीचा, साडेआठ टक्के व्याजाचा रोखा आहे आणि त्याची आठ वर्षे उरली आहेत. बाजारात तो साधारण ११९० रुपयांना मिळतो असे धरू. वर्षाला ८५ रुपये हातात येतील. पण मुदत संपल्यावर परत मिळतील ते हजारच. वर दिलेले १९० रुपये त्या आठ वर्षांत हळूहळू झिजतात. ही झीज वजा करून जो परतावा उरतो, त्याला मुदतपूर्तीपर्यंतचा परतावा म्हणतात. इथे तो साडेपाच टक्के येतो. साडेआठचा आकडा फक्त रोख्यावर छापलेला असतो. शिवाय बाजारातल्या भावात साठलेले व्याजही धरलेले असते. त्यामुळे वार्षिक व्याजाच्या तारखेच्या तोंडावर रोखा घेतला, तर ते व्याज फुकट पदरात पडत नाही. त्याचे पैसे आपण आधीच मोजलेले असतात.

आता याच्याशेजारी सात टक्क्यांची बँकेतली मुदत ठेव ठेवून पाहू. आर्थिक वर्ष २०२५-२६च्या नव्या कररचनेत २४ लाखांच्या वर उत्पन्न असणाऱ्याला उपकरासह ३१.२ टक्के कर लागतो. त्याच्या हातात सातातले जेमतेम ४.८ टक्के उरतात. त्याच्यासाठी रोखा सरळ सरस आहे. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्याला ठेवीतून साडेपाचच्या किंचित वर मिळतात, म्हणजे बरोबरी. त्याच्या खालच्या टप्प्यांत ठेव पुढे जाते. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल, तर रिबेटमुळे ठेवीच्या व्याजावरही कर पडत नाही आणि पूर्ण सात टक्के घरी येतात. अशा माणसाने करमुक्त रोखा घेणे म्हणजे दरवर्षी दीड टक्का सोडून देणे. नोकरीत वरच्या टप्प्यात असताना लागलेली सवय निवृत्तीनंतरही तशीच चालू राहते, आणि हे नुकसान कुठल्याच कागदावर दिसत नाही. मला त्याचे फार वाईट वाटते.

पण १२ लाखांच्या काठावर चित्र एकदम उलटते. पेन्शन आणि इतर उत्पन्न मिळून करपात्र रक्कम नेमकी १२ लाख भरते आणि वर दहा लाखांच्या ठेवीचे ७० हजार व्याज आले, असे समजा. रिबेट गेला. सीमांत सवलतीमुळे कर १२ लाखांवरच्या रकमेपुरता मर्यादित राहतो. पण ती रक्कमच ७० हजार आहे. त्यावर चार टक्के उपकर धरला, तर ७२,८०० रुपये भरावे लागतात. व्याज सगळे गेलेच, वर २८०० खिशातून. करमुक्त रोख्याचे व्याज मात्र एकूण उत्पन्नात धरलेच जात नाही, त्यामुळे रिबेट शाबूत राहतो. साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंतच्या या अरुंद पट्ट्यात, उत्पन्न कमी असूनही, रोख्याचा उपयोग सर्वात मोठा आहे.

इक्विटी फंडाचे गणित निराळे. वर्षभरापेक्षा जास्त काळ ठेवलेल्या युनिटांवर, एका वर्षातला सव्वा लाखाचा नफा सोडून, बाकीच्यावर साडेबारा टक्के कर लागतो, आणि उत्पन्नाचा टप्पा बदलला तरी हा दर तोच राहतो. दहा लाख आठ वर्षे ठेवले आणि वर्षाला दहा टक्के वाढ धरली, तर सगळे एकदम काढतानाही करानंतर सुमारे ९.१ टक्के पडतात. वर्षावर्षाने थोडे थोडे काढले तर आणखी थोडे. फक्त नव्या रचनेतला रिबेट या नफ्यावरच्या कराला लागू होत नाही, हे कमी उत्पन्नाच्या माणसाने ध्यानात ठेवावे. तरीही इथला निर्णय कराने ठरत नाही. दहा टक्के हे गृहीतक आहे, हमी नव्हे. २००८ साली सेन्सेक्स निम्म्याहून जास्त घसरला होता. ज्या पैशांवर पुढच्या दोन-तीन वर्षांचा घरखर्च अवलंबून आहे, ते पैसे कोणत्याही टप्प्यातल्या माणसाने तिथे ठेवू नयेत.

रोख्यांनाही मर्यादा आहेत. खरेदीदार कमी असल्यामुळे मोठी संख्या मनाजोग्या भावाला विकता येईलच असे नाही. मुदतीआधी नफ्यात विकले तर त्या नफ्यावर कर आहे. करमुक्त आहे ते फक्त व्याज. ठेवीलाही मर्यादा आहे: बँकेत तिला पाच लाखांपर्यंतच विम्याचे संरक्षण आहे, म्हणून मोठी रक्कम एकाच बँकेत ठेवू नये.

तेव्हा रोख्याची ऑर्डर टाकण्यापूर्वी ब्रोकरकडून छापील व्याजदर नव्हे, तर मुदतपूर्तीपर्यंतचा परतावा मागून घ्या, आणि आपल्या गेल्या विवरणपत्रातल्या करपात्र उत्पन्नाच्या आकड्याशी तो ताडून पाहा.