चेहरा किती वाकडा असला तर चालतो?

लग्नाच्या बायोडाटासाठी किंवा नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायची वेळ आली, की तरुण मुले-मुली एक तक्रार घेऊन येतात. "ताई, माझा चेहरा एका बाजूला वाकडा आहे." कुणाची एक भुवई वर असते, कुणाचा ओठ एकीकडे ओढलेला वाटतो, कुणाची हनुवटी सरळ नसते. आरशात कधी जाणवले नव्हते, पण मोबाइलमधल्या फोटोत दिसले आणि तेव्हापासून झोप उडाली, असे ते सांगतात. काही जण फोटो काढणेच बंद करतात. काही जण उपचाराच्या जाहिराती बघून पैसे जमवू लागतात. म्हणून या वेळी हा विषय नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट अशी, की दोन्ही बाजू अगदी सारख्या असलेला चेहरा नसतो. एक कान थोडा खाली असतो, एक डोळा किंचित लहान असतो, एक गाल भरलेला असतो. वय वाढते, दात पडतात, एकाच बाजूने चावायची सवय लागते, तसा हा फरक थोडा वाढतोही. प्रश्न फरक आहे का हा नसून किती आहे आणि कधीपासून आहे हा आहे.

आरसा एक सांगतो, फोटो दुसरे

आपण आपला चेहरा जन्मभर आरशात पाहतो. आरशात आपली उजवी बाजू उजवीकडेच दिसते. फोटोत मात्र ती डावीकडे जाते, म्हणजे जग आपल्याला जसे पाहते तसे. समजा तुमच्या ओठाचा एक कोपरा दोन मिलिमीटर खाली आहे. आरशात तो उजवीकडे खाली बघायची तुमच्या डोळ्यांना सवय झालेली असते. फोटोत तो डावीकडे खाली दिसतो. सवयीच्या चेहऱ्याशी तुलना केली की दोनचा फरक मनाला चारचा वाटतो. चेहरा तोच, फक्त बाजू बदलली.

अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मिलवॉकी शाखेत 1977 मध्ये याचा अभ्यास झाला. तरुणींना स्वतःचे दोन फोटो दाखवले, एक सरळ आणि एक आरशासारखा उलटा. त्यांना स्वतःचा आरशातला चेहरा अधिक आवडला, तर त्यांच्या मैत्रिणींना आणि प्रियकरांना सरळ फोटो आवडला. ज्याला जो चेहरा सवयीचा, त्याला तो बरा वाटला.

दुसरे कारण अंतराचे. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत कॅमेरा जेमतेम फूटभर दूर असतो. एवढ्या जवळून नाक प्रत्यक्षापेक्षा बरेच रुंद दिसते आणि मान जरा जरी वळलेली असली, तरी कॅमेऱ्याकडची बाजू मोठी दिसते. सेल्फी बघून चेहऱ्याबद्दल निष्कर्ष काढूच नये.

मोजायचे कसे?

यासाठी पट्टी लागत नाही. मोजमाप तुमच्या डोळ्यातच आहे. बुबुळ, म्हणजे डोळ्यातला काळा किंवा तपकिरी गोल, मोठ्या माणसांमध्ये जवळपास सगळ्यांचे सारख्याच रुंदीचे असते, साधारण 12 मिलिमीटर. म्हणजे पाव बुबुळ म्हणजे तीन मिलिमीटर.

भिंतीला पाठ लावून सरळ उभे राहा. दुसऱ्या कुणाला तरी पाच-सहा फुटांवरून, मागच्या कॅमेऱ्याने, कॅमेरा तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर धरून फोटो काढायला सांगा. चष्मा काढा, दात अलगद मिटा, हसू नका, कपाळ सैल सोडा. असे तीन फोटो घ्या. मग फोटो मोठा करून दोन्ही बाहुल्यांमधून आडवी रेघ कल्पा किंवा कागदाची कड तिथे धरा. त्या रेघेपासून दोन्ही भुवया आणि ओठांचे दोन्ही कोपरे किती दूर आहेत ते पाहा आणि तो फरक बुबुळाच्या रुंदीशी ताडा.

भुवयांमध्ये किंवा ओठांच्या कोपऱ्यांमध्ये पाव बुबुळापेक्षा कमी फरक असेल, तर समोरच्याला तो सहसा कळत नाही. हनुवटी चार मिलिमीटरपर्यंत, म्हणजे बुबुळाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, बाजूला असली तरी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. वरच्या पापणीचे मात्र वेगळे आहे. तिथे दोन मिलिमीटरचा फरकही नजरेत भरतो, कारण समोरचा माणूस बोलताना डोळ्यांतच बघत असतो.

यानंतर जुने फोटो काढा. दहावीच्या हॉल तिकिटावरचा, आधार कार्डावरचा, लहानपणचा. फरक तेव्हाही तसाच असेल, तर तो तुमच्या चेहऱ्याचा भाग आहे. जुन्या फोटोत नसेल, तर कारण शोधायला हवे.

एका मुलीचे उदाहरण

बावीस वर्षांची एक मुलगी अर्जाचा फोटो घेऊन आली होती. स्टुडिओतल्या त्या फोटोत डावी भुवई उजवीपेक्षा बुबुळाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी, म्हणजे चार मिलिमीटर वर दिसत होती आणि ओठाचा उजवा कोपरा जरासा खाली. दहावीच्या फोटोतही तेच होते, पण कमी. मग वाढले कशाने?

आधी चष्मा टेबलावर पालथा ठेवला. एक काडी टेबलाला टेकली, दुसरी अधांतरी राहिली. चष्म्यावर कुणीतरी बसले होते, तेव्हापासून तो तिरका होता. तिरक्या फ्रेमची वरची कड आणि भुवई यांतले अंतर दोन्हीकडे वेगळे दिसते आणि भुवया आहेत त्यापेक्षा वरखाली वाटतात. चष्म्याच्या दुकानात काडी गरम करून सरळ करून घेतली. दुकानदाराला एक गोष्ट सांगायला लावली, की फ्रेम कानांच्या नव्हे, डोळ्यांच्या रेषेत बसवा. कान वरखाली असतातच, म्हणून कधी एक काडी जास्त वाकवावी लागते.

मग तिला डोळे मिटून कपाळ सैल सोडायला सांगितले आणि हळूच डोळे उघडायला लावले. डावी भुवई बरीच खाली आली. कॅमेरा समोर आला की ती नकळत तीच भुवई उचलत होती. खरा फरक उरला अडीच मिलिमीटर, म्हणजे पाव बुबुळापेक्षाही कमी.

उरलेले काम थ्रेडिंगचे. पार्लरमध्ये खुर्चीवर मान मागे टाकून, कातडी ताणून भुवया कोरतात. त्या वेळी दोन्ही सारख्या दिसतात आणि उठून बसले की पुन्हा वरखाली होतात. म्हणून कुठे कोरायचे त्या खुणा सरळ बसून, समोर बघत, पेन्सिलने आधी करून घ्याव्यात. खाली असलेल्या भुवईच्या खालच्या कडेची केसांची एक ओळ काढायची, म्हणजे ती किंचित वर गेल्यासारखी दिसते. वर असलेल्या भुवईची खालची कड तीन-चार आठवडे अजिबात कोरायची नाही, तिथे केस वाढू द्यायचे. दोन्ही मिळून मिलिमीटरभर फरक मिटतो. त्याहून जास्त मिटवायला गेले, तर एक भुवई बारीक, एक जाड होते आणि नवीनच फरक तयार होतो.

शेवटचा बदल भांगाचा. ती मधोमध सरळ भांग पाडत असे. सरळ भांग म्हणजे चेहऱ्याच्या मधोमध ठेवलेली पट्टी. नाक, हनुवटी जिथे त्या रेषेबाहेर जाते तिथे नजर थांबते. भांग दोन बोटे बाजूला घेतला की ती पट्टी राहत नाही. कुठल्या बाजूला घ्यावा याचा ठरलेला नियम नाही. दोन्हीकडे घेऊन फोटो काढायचा आणि बरा दिसेल तो ठेवायचा. महिन्याने तिने त्याच स्टुडिओत पुन्हा फोटो काढला. ओठाच्या कोपऱ्याला आम्ही हातही लावला नव्हता, तरी तो फोटो तिने अर्जाला लावला.

आणखी दोन गोष्टी

टिकली लावत असाल, तर दोन भुवयांच्या मध्यावर न लावता डोळ्यांच्या आतल्या दोन कोपऱ्यांच्या मध्यावर, त्या रेषेत वर लावा. भुवया कमीजास्त कोरलेल्या असतात, त्यामुळे त्यांचा मध्य फसवतो.

पुरुषांना दाढीचा उपयोग होतो. जबड्याची जी बाजू भरलेली आहे तिथे दाढी आखूड आणि बसक्या बाजूला दोन-तीन मिलिमीटर लांब ठेवायची. ट्रिमरवरचे आकडे बहुधा मिलिमीटरचेच असतात. मिशी कापताना ओठांचे कोपरे धरू नका, नाकाखालच्या खळीचा मध्य धरा.

जबडा सारखा करण्यासाठी एका बाजूने च्युइंगम चघळणे मात्र सोडा. त्याने हाड सरकत नाही, चावायचा स्नायू सुजतो आणि जबड्याचा सांधा दुखू लागतो. पार्लरमध्ये गालात इंजेक्शन घेऊन भरून घेणेही टाळा. ते औषध रक्तवाहिनीत गेले, तर कातडी काळी पडून मरू शकते, दृष्टीही जाऊ शकते. ते काम पार्लरचे नाही, प्रशिक्षित डॉक्टरचे आहे.

इथे भांग-भुवईचा उपयोग नाही

एकाच बाजूने चावल्याने गाल कमीजास्त दिसत असेल, तर विचारा, दुसऱ्या बाजूने का चावत नाही? बहुधा किडलेली दाढ सापडते. आधी दंतवैद्य. गाल किंवा जबडा एका बाजूला हळूहळू वाढत असेल, गाठ लागत असेल, तंबाखू-गुटखा ठेवायच्या जागी पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम असेल, तोंडात तीन बोटे उभी जात नसतील, तर थांबू नका. तोंडाची तपासणी करून घ्या.

एक भुवई वर आणि त्याच बाजूची पापणी खाली असेल, तर भुवई उगीच वर गेलेली नाही. पडणारी पापणी उचलायला कपाळ तिला ओढत असते. अशी भुवई कोरू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. लहान मुलाची पापणी बाहुलीवर येत असेल, तर लवकर दाखवा. झाकलेला डोळा नीट बघायला शिकतच नाही आणि नजर कायमची कमी राहते.

आणि सर्वांत महत्त्वाचे. चेहरा अचानक, काही मिनिटांत किंवा रात्रीतून वाकडा झाला, तर तो वारा लागल्याने झाला असे म्हणून शेक देत बसू नका. माणसाला हसायला सांगा, दोन्ही हात वर धरायला सांगा, एक वाक्य बोलायला सांगा. ओठ एकीकडे ओढला जातो, एक हात खाली येतो किंवा बोलणे अडखळते, यातले एकही दिसले तरी लगेच 108 ला फोन करा. हा लकवा असू शकतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते, म्हणून त्रास सुरू झाला ती वेळ लिहून ठेवा. फक्त चेहऱ्याची नस सुजली असेल, तर कपाळावर आठी पडत नाही आणि त्या बाजूचा डोळा मिटत नाही. त्याचे औषधही तीन दिवसांच्या आत सुरू झाले तर जास्त गुण येतो. पण हा फरक घरी ठरवायचा नाही, तो दवाखान्यात ठरू द्या.