रात्री एका हाताला येणारी बधिरता : तीन कारणांचा विवेक

शिरूर तालुक्यातील रांजणगाव परिसरात हातांच्या श्रमाचे दोन प्रकार शेजारी शेजारी नांदतात. एकीकडे औद्योगिक वसाहतीत तासन्‌तास तीच ती हालचाल करणारा जोडकामगार आहे. दुसरीकडे सकाळ-संध्याकाळ हाताने धारा काढणारे, कांदा काढणारे व ऊस तोडणारे शेतकरी कुटुंब आहे. या दोहोंत एक तक्रार समान आढळते. मध्यरात्रीनंतर एक हात बधिर होऊन झोपमोड होते आणि हात झटकल्यावर काही वेळाने बरे वाटते. या तक्रारीचा उलगडा तीन प्रकारे केला जातो: मनगटात मज्जातंतू दबला, मानेच्या मणक्यापाशी मज्जातंतूचे मूळ दबले, अथवा ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले. यांपैकी खरे कारण कोणते, हे ठरविताना पुणे जिल्ह्यात एक विशेष अडचण उपस्थित होते. तिचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ही अडचण आकड्यांतून स्पष्ट होते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण भागातील, झोपडपट्टीतील व शहरी मध्यमवर्गातील मिळून 441 मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाले. त्यांत 67 टक्के पुरुषांच्या रक्तात ब-१२ चे प्रमाण दर लिटरला 150 पिकोमोलपेक्षा कमी होते. म्हणजे स्थूलमानाने दर मिलिलिटरला 200 पिकोग्रॅमच्या खाली. याचा अर्थ असा की, ज्याच्या हाताला काहीही झालेले नाही अशा माणसाचे रक्त तपासले तरी ब-१२ कमी निघण्याचा संभव मोठा आहे. जी गोष्ट बहुसंख्य निरोगी माणसांतही आढळते, ती केवळ आढळली म्हणून रोगाचे कारण ठरत नाही. हीच गोष्ट मानेच्या क्ष-किरण चित्राची. चाळिशी-पन्नाशीनंतर मणक्यांची झीज बहुतेकांच्या चित्रात दिसतेच. म्हणून निदानाचा आरंभ प्रयोगशाळेतून न करता बधिरतेच्या नकाशापासून करणे इष्ट होय.

मनगटाच्या तळव्याकडील बाजूस लहान हाडांची कमान व तिच्यावर ताणलेला आडवा अस्थिबंध यांमध्ये एक अरुंद बोगदा आहे. त्यातून बोटे मिटणाऱ्या नऊ कंडरा व मध्य मज्जातंतू जातात. हा मज्जातंतू अंगठा, तर्जनी, मधले बोट व अनामिकेची अंगठ्याकडील अर्धी बाजू यांना संवेदना पुरवितो. करंगळी व अनामिकेची उरलेली बाजू दुसऱ्या मज्जातंतूच्या ताब्यात असते आणि तो या बोगद्यातून जात नाही. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या मांसल उंचवट्यावरील त्वचेला जाणारी शाखा तर बोगद्यापूर्वीच फुटते. त्यामुळे विकार मनगटातील असेल तर बोटे बधिर होतात, पण त्या उंचवट्याची त्वचा शाबूत राहते, आणि अनामिका जणू उभी दुभंगल्यासारखी भासते.

हे रात्रीच का व्हावे, याचे उत्तर गेल्बरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली बोगद्यातील दाब मोजून दिले. निरोगी माणसात मनगट सरळ असता हा दाब सरासरी 2.5 मिलिमीटर पारा होता, तर रुग्णांत तो 32 आढळला. रुग्णाने मनगट आत वाकविताच तो 94 झाला व बाहेर वाकविल्यास 110. झोपेत मनुष्य नकळत मनगट मुडपून ठेवतो. दाब वाढला की मज्जातंतूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील प्रवाह मंदावतो व मुंग्या येऊन जाग येते. जागेपणी हात झटकण्याची क्रिया रुग्ण आपण होऊन करतो, आणि तीच निदानाची एक चांगली खूण आहे.

मानेतील विकाराचा नकाशा निराळा असतो. सहावे मूळ दबल्यास बधिरता अंगठा व तर्जनीत येते, परंतु ती अग्रबाहूच्या बाहेरील कडेनेही जाणवते. सातवे मूळ दबल्यास मधले बोट मुख्यत्वे बधिर होते. वेदना मानेतून खांद्याकडे व दंडाकडे उतरते, मान मागे व त्याच बाजूस कलविल्यास वाढते आणि पुष्कळदा हात डोक्यावर ठेवल्यास कमी होते. सातव्या मुळाच्या विकारात कोपर ताठ करणारा स्नायू दुर्बळ होतो व त्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते. मनगटातील विकारात असे होणे शक्य नाही.

ब-१२ च्या अभावाचा नकाशा तर याहून वेगळा. रक्तातील उणीव साऱ्या शरीराची असते. ती एका हाताला निवडून त्रास देत नाही. बधिरता बहुधा दोन्ही बाजूंस सारखी असते, पायांत असतेच, आणि दिवस-रात्र असा भेद ती करीत नाही. पायाच्या अंगठ्यावर 128 कंपनांचा स्वरकाटा ठेवला असता कंप कळत नाही, व डोळे मिटून उभे राहिल्यास तोल जातो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सेहेचाळीस वर्षांची शाकाहारी शेतकरी स्त्री दररोज तीन गाईंच्या धारा काढते. दूध संकलन केंद्रावर जाते व घरात चहापुरते उरते. चार महिने तिचा उजवा हात पहाटे दोनच्या सुमारास बधिर होतो. मानही अवघडते. रक्तात ब-१२ 160 पिकोग्रॅम निघते आणि क्ष-किरण चित्रात मणक्यांची झीज दिसते. अशा प्रकारे तिन्ही कारणांना पुरावा मिळाल्यासारखे वाटते. परंतु तपासणीत करंगळीची संवेदना चांगली आहे, अनामिका दुभंगलेली आहे, तळव्याचा उंचवटा शाबूत आहे. कोपराची प्रतिक्षिप्त क्रिया दोन्हीकडे सारखी आहे. पायांत कंप कळतो. मनगट एक मिनिट आत वाकवून धरताच तीच बोटे बधिर होतात. तेव्हा विकार मनगटातील होय. ब-१२ ची उणीव खरी आहे व ती भरून काढलीच पाहिजे, पण हाताचे कारण म्हणून नव्हे.

असा विवेक न झाल्यास काय घडते? इंजेक्शनांचा क्रम महिनोन्‌महिने चालतो, मज्जातंतू दबलेलाच राहतो, आणि अंगठा तळव्यापासून वर उचलणारा स्नायू झिजत जातो. एकदा तो उंचवटा सपाट झाला की शस्त्रक्रियेनंतरही बळ पूर्ण परत येईलच असे नाही. उपचार आरंभी साधा आहे: रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी सुमारे सहा आठवडे बांधणे, आणि मधुमेह व अवटू ग्रंथीची मंदता यांचा शोध घेणे. स्नायू दुर्बळ असेल किंवा बधिरता दिवसाही टिकत असेल, तर थांबू नये.

शंका उरल्यास मज्जातंतूतील विद्युत्‌वहनाची चाचणी उपयोगी पडते. मनगटाच्या विकारात संवेदनेचा संदेश मनगट ओलांडताना मंदावतो. मानेच्या विकारात मात्र बोटे बधिर असूनही हा संदेश प्राकृत राहतो; कारण दाब संवेदी पेशींच्या गंडिकेच्या मेरुरज्जूकडील बाजूस असतो, आणि त्या पेशी व त्यांचे हाताकडे जाणारे तंतू जिवंत असतात. तथापि सौम्य मनगटविकारातही ही चाचणी कधी कधी निर्दोष निघते, आणि एकाच व्यक्तीत दोन विकार एकत्रही असू शकतात. म्हणून नकाशाशी न जुळणारा अहवाल पुन्हा रुग्णाच्या हातावरच पडताळावा लागतो.

दोन प्रसंगी मात्र हा सारा विचार बाजूला ठेवावा. बधिरता एकाएकी येऊन तिच्याबरोबर तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर तो मेंदूचा आघात समजून तत्काळ रुग्णालय गाठावे. तसेच दोन्ही हातांनी बटणे लावणे जड जाऊन चालीत ताठरपणा आला, तर मानेत मेरुरज्जूच दबला नाही ना, हे विनाविलंब पाहावे.